कोटेशन चालू असताना आलेला बॉक्स: एका परत केलेल्या भेटीचं प्रकरण

पंप बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी. पंपाच्या शाफ्टवर बसणारी मेकॅनिकल सील ती बाहेरून घेते आणि गेली नऊ वर्षं त्यातला मोठा वाटा एकाच पुरवठादाराकडून येतो. वार्षिक दरकरार संपत आला होता. नव्या करारासाठी तीन पुरवठादारांकडून कोटेशन मागवली होती, मुदत महिन्याच्या २० तारखेपर्यंत. १२ तारखेला दुपारी जुन्या पुरवठादाराकडून खरेदी व्यवस्थापिकेच्या नावानं कुरिअर आलं. नमुने असतील म्हणून त्यांनी बाहेरचं पॅकिंग फोडलं. आत एका नावाजलेल्या बनावटीचे हेडफोन, मूळ वेष्टनात, आणि एक पत्र. पत्रात नव्या कारखान्याच्या उद्घाटनाचं आमंत्रण होतं: विमानाची तिकिटं, हॉटेलात दोन रात्री, तिसऱ्या दिवशी सहल आणि शेवटी ‘सहकुटुंब यावे’.

नकार द्यायचा हे ठरवायला फार वेळ लागला नाही. अवघड होतं ते समोरच्या माणसाला नाही म्हणणं. याच पुरवठादाराच्या विक्री प्रतिनिधींनी वर्षभरापूर्वी एका तातडीच्या ऑर्डरसाठी रातोरात ४० सील जमवून पहाटे गेटवर आणून दिली होती. अशा माणसाला ‘आमचं धोरण बघा’ म्हणून नियमाचा कागद पुढे करणं म्हणजे नऊ वर्षांच्या ओळखीला शिपायाकडून निरोप पाठवल्यासारखं. पण धोरणाचं नावच न घेता काहीतरी सबब सांगणं त्याहून वाईट, कारण सबब संपते आणि भेट पुन्हा येते.

धोरण काय म्हणत होतं

कंपनीचं भेटवस्तू धोरण दीड पानाचं होतं. या प्रकरणात त्यातल्या पाच गोष्टी लागू होत्या. कंपनीचं नाव छापलेली किरकोळ वस्तू, ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर, नोंद करून घेता येते. कोटेशन मागवल्यापासून ऑर्डर निघेपर्यंत त्या व्यवहारातल्या पुरवठादाराकडून कोणत्याही किमतीची वस्तू घेता येत नाही. कामासाठी पुरवठादाराकडे जायचं असेल तर प्रवास आणि मुक्कामाचा खर्च आपली कंपनी करते. कामाच्या ओघातलं साधं जेवण चालतं. आणि जे काही येईल, घेतलेलं असो वा नाकारलेलं, त्याची नोंद दोन कामाच्या दिवसांत भेटवस्तू रजिस्टरमध्ये व्हायला हवी.

शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. नाकारलेल्या भेटीची नोंद कशाला, असा प्रश्न हमखास येतो. उद्या दुसऱ्या पुरवठादारानं तक्रार केली, तर बॉक्स गेटमधून आत आल्याचा पुरावा कुरिअरकडे असतो. तो बाहेर गेल्याचा पुरावा मात्र आपल्यालाच ठेवावा लागतो.

वस्तूच्या किमतीइतकाच काळाचा विचार का, हेही समजून घ्यायला हवं. लाचविरोधी व्यवस्थापनासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, २०१६ साली प्रथम प्रसिद्ध झालेलं आयएसओ ३७००१, संस्थेकडून अशी पद्धत मागतं की जी भेट किंवा पाहुणचार लाच आहे, किंवा तशी असल्याचं कुणालाही रास्तपणे वाटू शकेल, ती दिली-घेतली जाऊ नये. ‘वाटू शकेल’ हा त्यातला कळीचा शब्द. देणाऱ्याचा हेतू स्वच्छ असेलही, पण कोटेशनची मुदत संपायला आठ दिवस असताना आलेली वस्तू उरलेल्या दोन पुरवठादारांना कशी वाटेल, एवढंच पाहायचं. म्हणून प्रतिनिधींच्या हेतूबद्दल एक अक्षरही न बोलता नकार देता येतो. संबंध वाचतो तो इथेच.

पहिले दोन तास

व्यवस्थापिकेनं आतला बॉक्स उघडला नाही. वेष्टन फाटलं की वस्तू ‘वापरलेली’ ठरते आणि परत घेणाऱ्याचीही अडचण होते. त्यांनी तीन फोटो काढले: कुरिअरचं लेबल, पत्र आणि न उघडलेला बॉक्स. मग बॉक्स टेबलाच्या खणात न ठेवता स्टोअरच्या कपाटात ठेवायला दिला आणि गेटच्या आवक रजिस्टरमध्ये ‘भेटवस्तू, खरेदी ऑर्डर नाही, परत पाठवायची आहे’ अशी नोंद करून घेतली. खरेदी ऑर्डर नसलेला माल गेटमधून आत येतो तेव्हा स्टोअरवाले तो ‘नमुना’ म्हणून लिहून टाकतात. नंतर तोच शब्द अंगाशी येतो.

त्यानंतर वरिष्ठांना आणि कंपनीत नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या अनुपालन अधिकाऱ्यांना चार ओळींचं मेल गेलं: काय आलं, कुणाकडून, कोणतं कोटेशन चालू आहे, आणि आज फोन करून कुरिअरनं परत पाठवत आहे. हे मेल पुरवठादाराशी बोलण्याआधी जायला हवं. आधी बोलणं झालं आणि मागाहून कळवलं, तर मधल्या वेळात काय ठरलं असेल, ही शंका कुणाच्याही मनात येऊ शकते.

त्यांनी एक गोष्ट मुद्दाम टाळली. कुरिअर पोचल्याचा मेसेज प्रतिनिधींना लगेच गेला होता आणि त्यांनी मोबाइलवर विचारलं, ‘मॅडम, मिळालं का?’ सवयीनं अशा वेळी ‘हो, धन्यवाद’ असं उत्तर जातं. ते दोन शब्द पुढे स्वीकाराची पोच म्हणून दाखवता येतात. त्यांनी लिहिलं, ‘कुरिअर पोचलं. चार वाजता फोन करते.’

फोन

आधी फोन आणि मग मेल, हा क्रम बरोबर होता. नुसतं मेल गेलं असतं तर प्रतिनिधींनी ते आपल्या साहेबांसमोर बसून वाचलं असतं. आवाजातली आपुलकी मेलमधून पोचत नाही. नुसता फोन झाला असता तर कागदावर काहीच उरलं नसतं.

संभाषण साधारण असं झालं.

“तुम्ही आठवणीनं पाठवलंत, पत्रही स्वतः लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण मला हे ठेवून घेता येणार नाही. आमच्याकडे खरेदी विभागात कुणालाच पुरवठादाराकडून अशी वस्तू घेता येत नाही. उद्या कुरिअरनं परत पाठवते.”

“अहो मॅडम, तुम्हाला एकट्यांना नाही, सगळ्यांनाच पाठवलंय. एवढंसं तर आहे.”

“असेल ना. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच सांगितलं असतं. तुमच्याबद्दल काही शंका आहे म्हणून नाही.”

“मग घरी पाठवू का? ऑफिसचा प्रश्नच नको.”

“नको. घरी आलं तरी मला परतच करावं लागेल, आणि मग आपल्या दोघांनाही अवघड जाईल.”

इथवर ठीक होतं. मग प्रतिनिधींचा आवाज जरा पडला आणि त्यांचं मन राखायला व्यवस्थापिका बोलून गेल्या, “सध्या कोटेशन चालू आहेत ना, म्हणून जरा…” प्रतिनिधी लगेच म्हणाले, “हां, मग काही हरकत नाही! महिन्याभरानं पाठवतो.”

एका ‘सध्या’नं नकाराला मुदत पडली. कारण खरं होतं, पण तेवढंच सांगितल्यावर ऐकणाऱ्यानं त्याचा अर्थ ‘नंतर चालेल’ असाच घेतला, आणि त्यात त्याची चूक नव्हती. ‘यंदा नको’, ‘एवढं मोठं नको’, ‘ऑडिट होऊ दे’ हे सगळे याच जातीचे शब्द. त्यातला प्रत्येक शब्द वेगळ्या रीतीनं पुन्हा पाठवायचं आमंत्रणच देतो. याहून घातक वाक्य म्हणजे ‘मला तर चाललं असतं हो, पण आमची कंपनी फार कडक आहे’. बोलणाऱ्याला ते नम्र वाटतं. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की हा माणूस तयार आहे, अडसर फक्त कंपनीचा आहे, तो चुकवला की झालं. धोरणाचं नाव घ्यायचं तर ते आपलंच आहे अशा सुरात घ्यावं, सासुरवाशिणीनं सासूचं घ्यावं तसं नाही.

व्यवस्थापिकेनं चूक तिथेच सावरली: “नाही, मी नीट सांगितलं नाही. कोटेशन संपल्यावरही असंच आहे. हा नियम कायमचा आहे.” ऐकायला थोडं कोरडं, पण दुसऱ्यांदा बॉक्स परत करण्यापेक्षा कितीतरी सोपं.

प्रतिनिधींची खरी अडचण शेवटी बाहेर आली. “आमच्या साहेबांना काय सांगू? त्यांना वाटेल, तुमच्याकडे आमचं काही बिनसलं.” हेडफोन परत येण्याचा अपमान त्यांना फारसा नव्हता. खर्च त्यांच्या नावावर मंजूर झाला होता आणि परत आलेल्या वस्तूचा अर्थ त्यांना वर समजावून सांगायचा होता. त्यामुळे पुढचं मेल प्रतिनिधींना उद्देशून असलं, तरी ते साहेबांनी वाचावं अशा बेतानं लिहिलं गेलं.

मेल

‘नमस्कार,

तुम्ही पाठवलेलं पत्र आणि भेटवस्तू मिळाली. नव्या कारखान्याबद्दल तुमचं व तुमच्या सर्व सहकाऱ्यांचं अभिनंदन.

आमच्या कंपनीच्या धोरणानुसार खरेदी विभागातल्या कुणालाही पुरवठादारांकडून अशी भेटवस्तू, प्रवास किंवा मुक्काम स्वीकारता येत नाही. हा नियम सर्व पुरवठादारांना सारखाच आणि वर्षभर लागू आहे. त्यामुळे भेटवस्तू न उघडता, आभारासह परत पाठवत आहे. कुरिअरची पावती सोबत जोडली आहे. उद्घाटनाच्या कार्यक्रमालाही मला येता येणार नाही.

सील नव्या कारखान्यातून येणार असतील, तर त्याची तपासणी आमच्या गुणवत्ता विभागाला करावी लागेल. ज्या पुरवठादारांचं उत्पादनस्थळ बदललं आहे त्या सर्वांसाठी हीच पद्धत आहे. तारीख गुणवत्ता विभाग कळवेल आणि प्रवासाची व्यवस्था आम्ही आमची करू.

कोटेशनबाबत काही शंका असल्यास ती नेहमीच्या मेल पत्त्यावरच पाठवावी.

कळावे.’

या मेलमध्ये काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. ‘लाच’, ‘अयोग्य’, ‘गैरप्रकार’ यातला एकही शब्द नाही. ‘क्षमस्व’ नाही, कारण माफी मागण्यासारखं काही घडलेलं नाही. ‘आपले संबंध असेच दृढ राहतील’ हे वाक्य सवयीनं बोटांवर येतं, पण कोटेशन उघडायची असताना ते आश्वासन म्हणून वाचलं जाऊ शकतं. म्हणून तेही नाही. पहिल्या मसुद्यात साहेबांना प्रत लावलेली होती. ती काढली. प्रतिनिधींना हवं तर ते पुढे पाठवतील. आपण वर प्रत लावली की तीच गोष्ट तक्रार होते.

आमंत्रणाचं काय केलं हे जास्त बारकाईनं पाहायला हवं. पाहुणचार सरसकट वर्ज्य नसतो. ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा जगभर कडक म्हणून ओळखला जातो, पण खऱ्याखुऱ्या व्यावसायिक कारणासाठीचा माफक पाहुणचार त्यालाही गुन्हा वाटत नाही. प्रश्न असतो तो कामाचा भाग कुठे संपतो याचा. इथे कारखाना पाहणं हे खरंच काम होतं: सीलच्या घासणाऱ्या तोंडांचं लॅपिंग, म्हणजे ती बारीक घासून एकदम सपाट करणं, नव्या यंत्रांवर होणार होतं आणि सपाटपणाची मोजणी बघितल्याशिवाय तो माल मंजूर करता आला नसता. पण त्यासाठी एक दिवस, दोन माणसं आणि आपलं तिकीट पुरेसं होतं. सहल, दुसरी रात्र आणि कुटुंब यांचा लॅपिंगशी काही संबंध नव्हता. आमंत्रण पूर्ण नाकारलं असतं तर काम अडलं असतं. ‘सहल वगळून येते’ म्हटलं असतं तर तिकीट त्यांचंच राहिलं असतं. म्हणून उद्घाटनाला नकार आणि तपासणी वेगळी, आपल्या तारखेला, आपल्या खर्चानं. पुरवठादारालाही त्यातून कळतं की दार बंद झालेलं नाही, येण्याचं कारण तेवढं बदललं आहे.

बॉक्स परत जाताना

प्रतिनिधींनी एक तोडगा सुचवला होता: “परत कशाला, ऑफिसात कुणालातरी देऊन टाका.” हा तोडगा बऱ्याच ठिकाणी चालतो. वस्तूची सोडत काढतात किंवा ती शिपायाला देतात, आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण दुसऱ्याला द्यायची तर आधी ती आपली झालेली असावी लागते, म्हणजे स्वीकार झालाच. नाशवंत वस्तू असेल किंवा पाठवणारा परत घ्यायलाच तयार नसेल, तर अनुपालन अधिकारी ती संस्थेमार्फत दान करू शकतात आणि तसं पत्र पाठवणाऱ्याला देतात. तो निर्णय ज्याच्या नावानं भेट आली त्यानं करायचा नसतो.

दुसरा पर्याय होता पुढच्या भेटीत बॉक्स प्रतिनिधींच्या हातात देण्याचा. तोही टाळला. स्वागतकक्षात दोन प्रतिस्पर्धी बसलेले असताना माणसानं आपलीच भेट काखेत मारून बाहेर पडावं, यापेक्षा कुरिअर बरं. परत न येणाऱ्या मालाचा गेट पास बनला, कुरिअरचा विमा उतरवला, आत मेलची छापील प्रत ठेवली. १३ तारखेला बॉक्स गेला, १५ तारखेला पोच आली आणि ती रजिस्टरला जोडली.

जे अपेक्षित नव्हतं

फोनवर ‘सगळ्यांनाच पाठवलंय’ हे वाक्य आलं होतं. असं वाक्य बहुतेक वेळा समजूत घालण्यासाठी असतं, पण व्यवस्थापिकेनं ते जसंच्या तसं नोंदीत लिहिलं होतं. अनुपालन अधिकाऱ्यांनी त्याचा माग घेतला. असाच एक बॉक्स देखभाल विभागातल्या अभियंत्यांच्या घरी गेला होता, आणि ते याच सीलच्या तांत्रिक मूल्यमापन समितीत होते.

इथे व्यवस्थापिकेनं सहकाऱ्याला स्वतः विचारायला जाणं चुकीचं ठरलं असतं. एक तर ते आरोपासारखं वाटलं असतं, नाहीतर दोघांनी मिळून काहीतरी ठरवल्यासारखं. अनुपालन विभागानं कुणाचंही नाव न घेता समितीतल्या सगळ्यांना सूचना पाठवली: चालू कोटेशनमधल्या पुरवठादारांकडून काही आलं असेल तर दोन दिवसांत कळवा. अभियंत्यांनी त्याच दिवशी कळवलं. त्यांचा बॉक्स उघडलेला होता. तो तसाच, उघडलेला असल्याचं लिहून, परत गेला. त्यांनी दिलेले तांत्रिक गुण दुसऱ्या विभागातल्या अभियंत्यानं स्वतंत्रपणे तपासले आणि तशी टीप फाइलला लागली. कारवाई झाली नाही, पण ते त्या फेरीपुरते समितीबाहेर राहिले.

निकालानंतर

कोटेशन उघडली तेव्हा जुना पुरवठादार दुसऱ्या क्रमांकावर होता. दर जवळपास सारखे होते, पण नव्या कारखान्यातून पुरवठ्याला त्यांनी सहा आठवडे मागितले होते आणि पहिल्या क्रमांकाच्या पुरवठादारानं चार. मोठा वाटा तिकडे गेला. जुन्या पुरवठादाराकडे चाळीस टक्के राहिला.

नकार दिल्यानंतर माणूस सगळ्यात जास्त घसरतो तो याच टप्प्यावर. भेट परत केल्याची बोचणी मनात असते, मग भरपाई म्हणून थकलेलं बिल रांग सोडून पुढे काढलं जातं, नाहीतर ‘तुमचा दर थोडा वर आहे हं’ असं कोटेशन उघडण्याआधीच कानावर घातलं जातं. हेडफोन घेण्यानं जे नुकसान झालं असतं, त्याहून हे मोठं, आणि याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. या प्रकरणात एक फोन तसा आला होता. १८ तारखेला प्रतिनिधींनी सहज विचारलं, “आमचं कसं दिसतंय?” उत्तर होतं, “मुदत संपेपर्यंत मीही लिफाफे पाहत नाही. निकाल लागला की तुम्हाला बसवून सगळं दाखवते.”

निकालानंतर तसं बसवलंही. प्रतिनिधींनी दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलून विचारलंच, “मॅडम, ते परत पाठवलं त्याचा काही…?” व्यवस्थापिकेनं त्यांच्यासमोर त्यांचाच गुणतक्ता ठेवला, स्पर्धकांचे आकडे झाकून. दर, तांत्रिक, गुणवत्तेचा इतिहास या तिन्ही रकान्यांत गुण चांगले होते. पुरवठ्याच्या मुदतीत पडले होते. प्रतिनिधींनी तो रकाना मोबाइलवर टिपून घेतला आणि नव्या कारखान्यात फिनिशिंगचा वेळ कुठे जातो, यावर पुढचा अर्धा तास गेला. तपासणी पुढच्या महिन्यात झाली. गुणवत्ता अभियंता आणि व्यवस्थापिका सकाळी गेल्या, संध्याकाळी परतल्या. जेवण कारखान्याच्या कँटीनमध्ये, कामगारांच्याच रांगेत. रजिस्टरमध्ये तीही एक ओळ आहे.

खरेदी विभागानं पुढच्या वर्षापासून दरकराराच्या पत्रासोबतच सगळ्या पुरवठादारांना चार ओळींची सूचना पाठवायला सुरुवात केली, विभागप्रमुखांच्या सहीनं. सगळ्यांना एकाच दिवशी जात असल्यामुळे ती कुणाला आपल्यावर रोखलेली वाटत नाही. त्या वर्षी याच प्रतिनिधींकडून एक पातळ पाकीट आलं. आत कंपनीच्या नावाचं भिंतीवरचं कॅलेंडर, पानोपानी सीलचे आडवे छेद दाखवणारं. कोटेशन चालू नव्हती. रजिस्टरमध्ये ‘स्वीकारलं, मर्यादेत’ अशी नोंद झाली आणि कॅलेंडर स्टोअरमध्ये, सीलच्या रॅकशेजारी लागलं.